दोन लाख जमले, मग परत का केले? बडोद्याच्या पुस्तक-मोहिमेचा हिशेब

कोजागरीनंतरच्या आठवड्यात बडोद्यातल्या बऱ्याच मराठी घरांत बँकेचा एकच मेसेज आला. पुस्तकासाठी भरलेले पैसे खात्यात परत जमा झाले होते. दांडिया बाजार आणि रावपुऱ्यातल्या जुन्या वाड्यांची छायाचित्रे आणि त्या घरांच्या आठवणी यांचे 160 पानांचे पुस्तक काढायचे, म्हणून आमच्या समितीने ऑनलाइन लोकवर्गणीची मोहीम काढली होती. लक्ष्य होते साडेचार लाखांचे. महिन्याभरात 171 जणांनी मिळून 2,03,400 रुपये भरले आणि मोहीम अपयशी ठरून बंद झाली. तेव्हापासून फोन येत आहेत. काहींना वाटते आमचे आपसात बिनसले, काहींना वाटते पुस्तकच रद्द झाले. जवळपास सगळ्यांचा प्रश्न मात्र एकच आहे: दोन लाख हातात आले होते, ते परत का केले?

मोहिमेचा हिशेब माझ्याकडे होता. ज्यांनी पैसे भरले त्यांना पूर्ण उत्तर मिळायला हवे, म्हणून आकड्यांसकट लिहितो.

क्राउडफंडिंग म्हणजे नेमके काय?

प्रकाशनपूर्व सवलत मराठी वाचकाला नवी नाही. पुस्तक छापण्याआधी प्रकाशक कमी किमतीत नोंदणी घेतो आणि त्या पैशांतून छपाईचा काही खर्च निघतो. क्राउडफंडिंग हीच पद्धत इंटरनेटवर, थोड्या कडक नियमांनी चालते. प्रकल्पाचे एक पान असते. त्यावर लक्ष्य, मुदत आणि किती रुपये भरल्यास काय मिळेल हे लिहिलेले असते. हे पान चालवणाऱ्या कंपनीला प्लॅटफॉर्म म्हणतात. ती आपले शुल्क जमलेल्या रकमेतून कापून घेते.

याचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात जमेल तेवढी रक्कम आयोजकाला मिळते. आपल्याकडे रुग्णांच्या उपचारांसाठी ज्या मोहिमा दिसतात त्या बहुतेक अशा असतात, आणि तिथे ते योग्यच आहे. आठ लाखांच्या शस्त्रक्रियेसाठी तीन लाख जमले तरी कुटुंबावरचा भार तेवढा हलका होतो. दुसऱ्या प्रकारात ठरलेल्या मुदतीत पूर्ण लक्ष्य गाठले तरच पैसे मिळतात, नाहीतर ज्याचे त्याला परत जातात. 2009 साली अमेरिकेत सुरू झालेल्या किकस्टार्टरने हा नियम जगभर रुळवला. यात्रा कंपनीची बस ठरवावी तसे हे आहे. चाळीस सीट भरल्या तर बस सुटते, पंधराच भरल्या तर पैसे परत. पंधरा जणांना घेऊन निघालेली बस डिझेल संपून वाटेत उभी राहण्यापेक्षा ते बरे.

आम्ही दुसरा प्रकार निवडला होता.

पण दोन लाखांत थोडी कमी पुस्तके छापता आली नसती का?

हा प्रश्न सगळ्यात रास्त आहे. उत्तरासाठी खर्चाचे दोन भाग वेगळे करून पाहावे लागतात.

एक भाग स्थिर खर्चाचा. प्रती दहा काढा की हजार, तो तेवढाच येतो. घराघरांतून मिळालेली छायाचित्रे स्कॅन करून त्यांवरचे डाग आणि चिरा काढणे, 60 हजार. पानांची मांडणी 45 हजार. मुद्रितशोधन आणि मुखपृष्ठ 20 हजार. एकूण सव्वा लाख. दुसरा भाग प्रत्येक प्रतीमागे वाढतो. 500 प्रती ऑफसेटवर छापल्या तर एक प्रत 420 रुपयांना पडत होती. पॅकिंग आणि कुरिअरचे, काही जण हातोहात नेतील हे धरून, सरासरी 80 रुपये. त्यावर प्लॅटफॉर्मचे 8 टक्के, पैसे भरून घेणाऱ्या पेमेंट गेटवेचे 2 टक्के आणि या दोन्ही शुल्कांवर 18 टक्के जीएसटी. म्हणजे जमलेल्या प्रत्येक शंभरातले 11 रुपये 80 पैसे वाटेतच जातात आणि 88 रुपये 20 पैसे हातात पडतात.

आता जमलेले 2,03,400 घेऊ. कपात जाऊन हातात आले असते सुमारे 1,79,400. आणि आम्ही 185 प्रती देणे लागत होतो: 148 जणांची प्रत्येकी एक, 14 जणांच्या दोन-दोन, आणि पाच हजार रुपये देणाऱ्या 9 आश्रयदात्यांची प्रत्येकी एक. इतक्या थोड्या प्रतींसाठी ऑफसेट परवडत नाही, कारण प्लेट बनवण्याचा आणि यंत्र लावण्याचा खर्च थोड्याच प्रतींवर पडतो. डिजिटल छपाईत प्लेट नसते, पण दर प्रतीला 560 रुपये लागतात. म्हणजे छपाई 1,03,600, कुरिअर 14,800 आणि स्थिर खर्च 1,25,000 धरून बेरीज 2,43,400 होते.

तूट 64 हजारांची. ती भरून काढायला समितीकडे पैसा नाही. पैसे ठेवून घेतले असते तर 171 जणांचे पैसे आमच्याकडे अडकले असते, पुस्तक अर्ध्यावर थांबले असते आणि हाच मेसेज वर्षभराने, कमी रकमेचा, पाठवावा लागला असता. पैसे परत जाण्याच्या नियमाने भरणाऱ्याचे रक्षण केले.

मग चुकले कुठे? लोकांना पुस्तक नकोच होते का?

आकडे तसे सांगत नाहीत. किकस्टार्टरवर साधारण दहातले चार प्रकल्प लक्ष्य गाठतात, आणि जे गाठत नाहीत त्यांतले बहुसंख्य लक्ष्याच्या 20 टक्क्यांच्याही पुढे जात नाहीत. म्हणजे अपयश बहुतेक वेळा लवकर दिसते: लोकांना वस्तू नको असते आणि पान ओसाड पडते. आम्ही 45 टक्क्यांपर्यंत पोहोचून थांबलो. मागणी होती, पण लक्ष्य त्या मागणीच्या मापाचे नव्हते.

साडेचार लाख हा आकडा कसा आला ते पाहा. सव्वा लाख स्थिर, 500 प्रतींची छपाई 2,10,000, कुरिअर 40 हजार, मिळून 3,75,000. कपातीनंतर एवढे हातात राहायचे तर सव्वाचार लाख जमायला हवेत. थोडी मोकळीक ठेवून साडेचार केले आणि 500 ने भागून प्रतीची किंमत 900 ठरवली. गणित बरोबर आहे, फक्त त्यात वाचक कुठेच नाही. 500 हा आकडा छापखान्याच्या दरपत्रकातून आला, कारण त्या संख्येला दर उतरतो. महिन्याभरात 500 प्रतींचे पैसे भरणारे लोक आहेत का, हे कोणी मोजले नव्हते. शिवाय 500 प्रतींच्या किमतीएवढेच लक्ष्य ठेवल्याने, आश्रयदात्यांची जादा रक्कम सोडली तर, शेवटची प्रतही मुदतीतच विकली जाणे भाग होते. अनुभवी प्रकाशकसुद्धा प्रकाशनपूर्व नोंदणीत सगळी आवृत्ती संपेल असे धरत नाही.

व्हॉट्सॲपवर तर सहाशेजणांनी होकार दिला होता

खरे आहे. मोहिमेआधी वेगवेगळ्या गटांत विचारले तेव्हा 640 अंगठे आले होते, आणि त्यांच्या भरवशावरच 500 आवाक्यात वाटले. पण तो अंगठा ‘उपक्रम छान आहे’ असे सांगत होता. पैसे भरण्याचा शब्द त्यात नव्हता. एकाच माणसाने तीन गटांत दिलेले अंगठेही त्यात होते.

प्रत्यक्षात पान उघडले 1,900 जणांनी. ‘पैसे भरा’ या बटणापर्यंत 310 पोहोचले. त्यांतल्या 171 जणांचे पैसे जमा झाले, 139 जण त्या बटणानंतर गळले. पान पाहणाऱ्या शंभरात नऊ जण पैसे भरतात हे काही वाईट प्रमाण नाही. पण माणशी सरासरी 1,189 रुपये धरले तर साडेचार लाखांसाठी 379 माणसे लागतात, आणि याच प्रमाणाने तेवढी मिळवायची तर पान सुमारे 4,200 जणांनी उघडायला हवे होते. आमच्या ओळखीचे सगळे गट पहिल्या दोन दिवसांतच संपले होते.

त्या 139 जणांचे काय झाले हे शोधायला आम्ही काही घरी जाऊन बसलो. दांडिया बाजारातल्या एका काकूंच्या स्वयंपाकघरात जे पाहिले ते सांगतो. काकू सत्तरीच्या आहेत. भाजीवाल्याला रोज क्यूआर स्कॅन करून पैसे देतात, त्यात त्यांना कोणाची मदत लागत नाही. आमच्या पानावर मात्र आधी ई-मेल मागितला. त्यांनी पुण्यातल्या मुलाचा घातला. ओटीपी त्याच्या ई-मेलवर गेला, तो मीटिंगमध्ये, आणि त्याने कळवेपर्यंत ओटीपीची मुदत संपली. दुसऱ्यांदा पासवर्ड मागितला, तोही एक अक्षर मोठे आणि एक चिन्ह घालून. तिसऱ्यांदा पिनकोडच्या चौकटीत फोन नंबर पडला आणि सगळा फॉर्म पुसला गेला. काकूंनी फोन बाजूला ठेवला आणि डब्यातून नऊशे रुपये काढून पुढे केले. आमच्याकडे ना पावतीपुस्तक होते, ना रोख घेण्याची सोय.

या अडचणीला मी सगळे अपयश बांधत नाही, कारण हिशेब तसे म्हणत नाही. गळालेल्या 139 जणांनी सरासरीइतके पैसे भरले असते तरी एकूण रक्कम 3,68,700 च्या आसपास गेली असती. लक्ष्य तरीही राहिलेच असते.

मुहूर्त चुकला का?

चुकला, पण दिसते तसा नाही. मोहीम अनंत चतुर्दशीला उघडली आणि कोजागरीला बंद केली. गणेशोत्सवात सगळे एकत्र येतात, तोवर बातमी पसरेल आणि पुढे सणांची खरेदी सुरू होईल, असा विचार होता. पहिल्या चार दिवसांत 74 जणांनी पैसे भरले, शेवटच्या सहा दिवसांत 56 जणांनी, आणि मधल्या वीस दिवसांत फक्त 41.

मध्ये ओहोटी येणे हे जवळपास प्रत्येक मोहिमेत घडते. सुरुवातीला ओळखीचे भरतात, शेवटी मुदत संपते आहे म्हणून लोक भरतात, मधला काळ सुका जातो. आमचा मधला काळ मात्र आधी पितृपक्षात गेला आणि मग नवरात्रात. पितृपक्षात आपल्याकडची बरीच घरे नवीन काही घेत नाहीत. आणि नवरात्रात बडोदा रात्री गरब्याच्या मैदानावर असते आणि दिवसा पेंगत असते. त्या दिवसांत आम्ही पाठवलेले निरोप गरब्याच्या पासच्या चौकशांखाली गाडले गेले. त्यात भर म्हणजे आमच्याकडे सांगायला नवे काही नव्हते, रोज तेच पोस्टर फिरत होते. एखाद्या वाड्याच्या कोरीव सागवानी खांबाचे साफ केलेले छायाचित्र, त्या घरची एक आठवण, असे रोज काहीतरी देता आले असते. पण स्कॅनिंगचे काम मोहिमेच्या पैशांतूनच व्हायचे होते, म्हणून दाखवायला छायाचित्रेच नव्हती.

न्यूजर्सीतल्या मुलांकडून का घेतले नाहीत?

बडोद्याच्या मराठी घरांत हा प्रश्न येणारच. बाहेरून पुष्कळ विचारणा आल्या, आणि परदेशी कार्ड आम्ही पहिल्या दिवसापासून बंद ठेवली होती. त्यामागे कायदा आहे.

भारतातल्या संस्थेने परदेशी व्यक्तीकडून देणगी घ्यायची तर परकीय योगदान नियमन कायद्याखाली, म्हणजे एफसीआरएखाली, नोंदणी किंवा परवानगी लागते. ते पैसे दिल्लीत संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच यावे लागतात. आमच्या संस्थेची अशी नोंदणी नाही. इथे परदेशी कोण हे राहण्याच्या जागेवरून ठरत नाही, नागरिकत्वावरून ठरते. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेत राहणारा मुलगा आपल्या बचतीतून देणगी देऊ शकतो. त्याच्याच शेजारचा, अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेला बडोदेकर देऊ शकत नाही. त्याच्याकडे ओसीआय कार्ड असले तरी नाही.

पण वस्तूची नेहमीच्या व्यवहारातली किंमत चुकती करणे म्हणजे देणगी नव्हे, हा भेद कायद्यातच आहे. पुस्तक विकत घेणारा परदेशी नागरिक गिऱ्हाईक ठरतो. आमच्या पानावर 900 ची प्रत आणि 5,000 चे आश्रयदातेपद शेजारी शेजारी होते. प्रतीच्या किमतीवरची रक्कम सरळ देणगीत मोडते, आणि दोन्ही एकाच खात्यात येणार होते. त्या गोंधळात शिरण्याऐवजी दार बंद ठेवले. पुढच्या वेळी देणगी आणि विक्री यांची पाने वेगळी असतील, आणि परदेशासाठी विक्रीचे पान उघडायचे की नाही हे सनदी लेखापालांकडून लेखी घेऊनच ठरेल.

गुजरातेत तर पाच लाख शेतकऱ्यांनी सिनेमा काढला होता

बैठकीत हे उदाहरण निघाले आणि ते खरे आहे. 1976 चा ‘मंथन’ गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन उभा केला. अमूलचे आणंद इथून तासाभराच्या अंतरावर आहे, म्हणून ते उदाहरण आपल्याला जवळचे वाटते. पण तिथे पैसे गोळा करण्याची यंत्रणा आधीपासून उभी होती. शेतकरी रोज सहकारी संस्थेत दूध घालत होता, त्याचा हिशेब तिथे लिहिला जात होता. कोणाला नवे खाते उघडून पासवर्ड ठरवावा लागला नाही. लोक रोज जिथे पैशाचा व्यवहार करतात तिथेच वर्गणी मागितली गेली. आम्ही लोकांना अनोळखी जागी बोलावले.

आता काय बदलणार?

पहिला आणि सगळ्यात मोठा बदल म्हणजे स्थिर खर्च मोहिमेतून बाहेर काढायचा. तो सव्वा लाख आश्रयदाते आणि स्थानिक देणगीदार यांच्याकडून आधी उभा करायचा. नऊही आश्रयदात्यांना आम्ही विचारणार आहोत. सगळे तयार झाले तर 45 हजार येतील, 80 हजार उरतील. क्रम असा: आधी स्कॅनिंग, मग मांडणी, मग मुद्रितशोधन. स्कॅनिंगपुरते पैसे आले की ते काम लगेच सुरू होईल, बाकीच्यासाठी अडून राहणार नाही.

मग मोहिमेवर उरतो तो छपाईचा भार. 200 प्रतींची डिजिटल छपाई 1,12,000 आणि कुरिअर 16 हजार, मिळून 1,28,000. प्रत 750 ला ठेवली तर 200 प्रतींचे दीड लाख होतात आणि कपातीनंतर 1,32,300 हातात राहतात. म्हणजे नवे लक्ष्य दीड लाख. या वेळी प्रतीमागे 900 किंवा त्याहून जास्त रुपये भरून 185 प्रती लोकांनी घेतल्याच होत्या. 200 च्या पुढे नोंदणी गेली तर वरच्या प्रती पुन्हा डिजिटलवर काढता येतील.

डिजिटल छपाईची एक मर्यादा आहे ती लपवत नाही. काळ्यापांढऱ्या छायाचित्रातल्या करड्या छटा तिच्यात कधी कधी पट्ट्यापट्ट्यांनी उमटतात. नमुन्याच्या पानावर एका देवडीची सावली तशी आली होती, आणि दाराच्या चौकटीवरची नक्षी त्यात बुडाली. म्हणून कागद आणि यंत्र ठरवण्याआधी सर्वांत गडद अशी चार छायाचित्रे दोन छापखान्यांत छापून पाहणार आहोत. ती नीट आली नाहीत तर मोहीम पुढे ढकलू.

दुसरा बदल अंगठ्यांबद्दल. आता होकार मोजताना पूर्ण पत्ता आणि प्रतींची संख्या लिहून दिलेला कागद किंवा फॉर्मच धरला जाईल. असे 70 होकार हातात आल्याशिवाय पान उघडणार नाही. पहिल्या दोन दिवसांत या सत्तरांनी पैसे भरले तर लक्ष्याचा तिसरा हिस्सा भरलेला दिसतो, आणि अनोळखी माणूस अशा पानावर थांबतो.

तिसरा बदल काकूंमुळे. शनिवारी संध्याकाळी वाचनालयात एक टेबल असेल. तिथे संस्थेचा क्यूआर असेल, पावतीपुस्तक असेल, रोखही घेतली जाईल. हे पैसे वेगळ्या बँक खात्यात राहतील आणि 200 प्रतींची नोंदणी होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, असा ठराव झाला आहे. प्रत्येक पावतीच्या मागे परत करायचे झाल्यास कोणत्या खात्यात किंवा कोणाच्या हातात द्यायचे ते लिहून घेऊ. पैसे परत करण्याचा नियम ऑनलाइनवाल्यांना लागू आणि रोखवाल्यांना नाही, असे चालणार नाही.

वेळही बदलली आहे. संक्रांतीनंतर, जानेवारीच्या अखेरीस उघडून 27 फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, बंद करायचे. मार्चच्या परीक्षा आणि होळी त्याच्या पुढे राहतात. महिन्याभरासाठी रोज एक छायाचित्र आणि त्या घरची चार ओळींची आठवण आधीच तयार ठेवायची. ती तयार नसतील तर उघडायचे नाही.

आणि पुन्हा अपुरे पडले तर?

दहाव्या दिवशी 90 प्रतींच्या खाली असलो तर उरलेल्या दिवसांत नव्या गटांत निरोप पाठवत बसण्यापेक्षा आधीच्या यादीतल्या प्रत्येकाला फोन करायचा, असे ठरले आहे. मुदतीपर्यंत 200 झाल्या नाहीत तर पैसे या वेळेसारखेच परत जातील. ऑनलाइन भरलेले त्याच खात्यात, रोख भरलेले पावती पाहून त्याच टेबलावर. स्कॅन केलेली छायाचित्रे तेव्हाही वाचनालयाच्या संगणकावर असतील, आणि मूळ छायाचित्रे ज्यांची त्यांना, स्कॅनची एक प्रत पेनड्राइव्हवर घालून, परत दिलेली असतील. ज्यांच्याकडे रावपुरा, मांडवी किंवा सूरसागरच्या बाजूच्या घरांची छायाचित्रे आहेत त्यांनी ती शनिवारच्या टेबलावर आणावीत. फ्रेममधून काढू नका, काचेला चिकटलेली असतील तर फाटतात. ते काम आमच्यावर सोडा.